माया माणसावर, पांघरूण दारूवर नको

ज्या घरात रोज दारू येते, त्या घरातली माणसे दिवेलागणीला कान देऊन बसतात. अंगणात पाऊल कसे वाजते यावरून बायको ओळखते, आज पिऊन आला की नाही. पोरे पुस्तक मिटून कोपऱ्यात सरकतात. म्हातारी माय भिंतीकडे तोंड करून पडून राहते. हा पाठ वाचणाऱ्यांपैकी कोणाचे तरी घर असे असेल. त्याच घरासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

दारू वाईट आहे, हे आम्ही येथे सांगत बसणार नाही. ते तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरच्या माणसांनी काय करावे, काय करू नये, कोणत्या दिवशी काय धोका असतो आणि आशा कुठे धरावी, एवढेच आपण येथे पाहू.

एक जुने घर

आपल्या वऱ्हाडातलीच गोष्ट आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे १८७६ साली एका परीट कुटुंबात डेबूजी नावाचा मुलगा जन्मला. त्याचे वडील झिंगराजी. त्यांना दारूचे व्यसन लागले. घर खालावले, आणि डेबूजी लहान असतानाच वडील त्या व्यसनापायी वारले. आई सखूबाई. त्या पोराला घेऊन दापुरे या गावी आपल्या भावाकडे गेल्या. पोर मामाच्या घरी वाढले, गुरे राखू लागले, शेतात राबू लागले.

हाच डेबूजी म्हणजे पुढे अवघ्या महाराष्ट्राला माहीत झालेले गाडगे महाराज. त्यांच्या मुलीच्या बारशाला जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची होती. लोकांची बोलणी सोसून त्यांनी गोड जेवण घातले. १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनातून ते लोकांना दारू सोडा म्हणून विनवीत राहिले.

या गोष्टीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. बाप दारूने गेला म्हणून पोराचे नशीब तसेच लिहिलेले नसते. ही पहिली. दुसरी गोष्ट आईची आहे. सखूबाईंनी एकटीने ओझे ओढत बसण्याऐवजी भावाच्या दारात आसरा घेतला. त्यात त्यांची इज्जत गेली नाही. पोर वाचले.

झिंगराजींच्या काळी दारूच्या आजारावर औषध नव्हते. आज आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांतून त्याची वाट सापडते.

हा आजार आहे, हे कसे ओळखावे?

लग्नात कधी घोट घेणारा माणूस आणि दारूने धरलेला माणूस यांत फरक आहे. धरलेल्या माणसाची खूण सकाळी दिसते. उठल्यावर हात थरथरतात. चहाचा कप धरवत नाही, बशीत सांडतो. घाम येतो, मळमळते, जीव घाबरतो. मग तो थोडी पितो आणि थरथर थांबते. "आता मजेसाठी कोण पिते? पिली नाही तर हातच चालत नाही," असे तो म्हणतो. ते खरे असते.

असे का होते? दारू मेंदूला सुस्त करते. रोज दारू येऊ लागली की मेंदू त्या सुस्तीविरुद्ध जोर लावायला शिकतो. आपल्याकडे पूर्वी विहिरीवर मोट चालत असे. भरलेली मोट ओढताना बैल सारा जोर लावतात. मध्येच नाडा तुटला तर काय होते? ओझे जाते, पण बैलांचा जोर तसाच असतो. ते तोंडावर आपटतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की त्याच्या मेंदूचे असेच होते. म्हणून अशा माणसाला "तुझ्यात हिंमत असेल तर आजपासून सोड" असे म्हणणे बरोबर नाही. त्याची हिंमत किती हा प्रश्नच नाही. नाडा हळूहळू सोडावा लागतो.

घरच्या माणसांनी मनाशी आणखी एक गोष्ट पक्की करावी. "मी चांगली बायको असते तर हा पिला नसता," असे पुष्कळ बायका मनात धरतात. "मी लहानपणी लाड केले," असे माय म्हणते. हा भार उतरवून ठेवा. हा आजार तुम्ही आणलेला नाही. तुमच्या रडण्याने, उपासाने, शपथा घालण्याने तो जाणारही नाही. पण बरे होण्याचा रस्ता सोपा करणे किंवा अवघड करणे मात्र तुमच्या हातात बरेच आहे.

पांघरूण म्हणजे काय?

आपण एक घर नजरेसमोर आणू. चिखली भागातले एक गाव धरा. चार एकर कोरडवाहू शेती. सोयाबीन, तूर, थोडा कापूस. घरात नवरा-बायको, म्हातारी माय, दोन पोरे. शेजारी धाकटा भाऊ. नवरा पाच-सहा वर्षांपासून रोज पितो. आता रोजचे दोन पव्वे, आणि सकाळी हात थांबावा म्हणून थोडी वेगळी.

या घरात सगळेच त्याच्यावर माया करतात. पण कशी? तो रात्री ओटीवर ओकतो, बायको पहाटे धुऊन टाकते. सकाळी त्याला काहीच आठवत नाही, काही दिसतही नाही. दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे ठरलेले असते, तो उठत नाही, भाऊ निरोप देतो, "दादाले ताप आला." अड्ड्यावर उधारी होते, माय आपल्या निराधार पगारातून ती फेडते. म्हणजे दारू तो पितो आणि तिची किंमत बाकीचे मोजतात. त्याच्यापर्यंत ती किंमत पोहोचतच नाही. यालाच आम्ही पांघरूण म्हणतो.

मग करायचे काय? त्याला उपाशी ठेवायचे? घराबाहेर काढायचे? तसे नाही. जेवणाचे ताट झाकून ठेवावे. थंडीत बाहेर पडला असेल तर आत घ्यावे आणि कुशीवर निजवावे. उताणा निजवू नये, ओकारी श्वासनळीत जाऊन माणूस मरतो. हाका मारून उठत नसेल, अंग गार पडले असेल, श्वास अडखळत असेल, तर ती झोप समजू नका. १०८ ची गाडी बोलवा. जीव वाचवणे ही माया आहे.

पण तीन गोष्टी थांबवाव्यात. त्याच्यासाठी खोटे बोलू नये. त्याची दारूची उधारी फेडू नये. आणि त्याच्या हाती रोख रक्कम पडेल अशी सोय आपण करून देऊ नये. सोयाबीनचा चुकारा बायकोच्या किंवा मायच्या खात्यावर जावा. हे त्याच्याशी तो शुद्धीत असताना बोलून ठरवावे. पैसे चोरून लपवले तर नवे भांडण उभे राहते.

हे तिघांनी मिळून ठरवले तरच चालते. बायकोने उधारी बंद केली आणि मायने पदराची गाठ सोडली, तर काही उपयोग नाही. आधी घरातल्या शहाण्या माणसांनी एकत्र बसावे.

बोलावे केव्हा, बोलावे कसे?

पिलेल्या माणसाशी वाद घालू नये. त्या वेळी तुम्ही त्याच्याशी बोलत नसता, दारूशी बोलत असता. सकाळी, हाताची थरथर थांबल्यावर आणि पुन्हा चढण्याच्या आधी, थोडा वेळ असतो. आदल्या रात्री काही वाईट घडले असेल तर त्याला स्वतःलाही लाज वाटत असते. ती वेळ धरावी.

वर सांगितलेल्या घरातली बायको अशी बोलली, असे समजा :

"काल रातच्यानं पोरगी झोपली नाही. तुमचा आवाज आयकला का ती माह्या पदरात शिरते. मले भांडायचं नाही. सकाळी तुमचा हात थरथरते, त्याचं औषध रायते म्हणतात. आपण डॉक्टरले दाखवू. मी संगं येते."

तो म्हणतो, "मी काय पागल आहो काय, दवाखान्यात जायले?"

"पागल कोण म्हणते? ताप आल्यावर आपण जातोच ना?"

या बोलण्यात शिवी नाही, जुन्या चुकांची यादी नाही. काल घडलेली एकच गोष्ट आहे, एकच विनंती आहे, आणि "मी संगं येते" हा शब्द आहे. तो पहिल्यांदा हो म्हणेलच असे नाही. बहुधा नाहीच म्हणेल. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावे. ज्या दिवशी तो पिणार नाही किंवा कमी पिईल, त्या दिवशी त्याच्याजवळ बसावे, त्याच्या आवडीचे दोन घास करावेत, पोरांना त्याच्याजवळ जाऊ द्यावे. न पिलेल्या दिवशी घर गोड लागले पाहिजे. पुष्कळ घरी उलटे होते. पिला की सगळे भीतीने गप्प असतात, आणि शुद्धीत आला की महिन्याभराचा हिशोब त्याच्यापुढे मांडतात. मग त्याला शुद्धीत राहण्याचीच भीती वाटते.

तो ज्या क्षणी "चला" म्हणेल, त्याच दिवशी निघता आले पाहिजे. म्हणून कुठे जायचे, कोणाबरोबर जायचे, हे आधीच विचारून ठेवावे. आशाताईंना विचारा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात ते विचारून घ्या. टेलि-मानस या सरकारी सेवेचा फोन क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठीच असलेला दुसरा सरकारी क्रमांक १४४४६ आहे. फोन घरच्या माणसाने केला तरी चालतो. पिणारा तयार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

पहिले सात दिवस

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भाग दोनदा वाचावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.

दारू बंद केल्यावर पहिल्या सहा ते आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. झोप लागत नाही. काही जणांना एवढेच होऊन दोन-चार दिवसांत बरे वाटते. पण जो वर्षानुवर्षे रोज पीत आला आहे, त्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पूर्वी कधी फिट आली नसली तरी येते.

मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान आणखी एक प्रकार होतो. माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, अंथरुणात साप दिसतो. नसलेल्या माणसांशी तो बोलतो. घरच्यांना ओळखत नाही, दिवस की रात्र ते कळत नाही. अंग तापते, घामाने ओले होते, छाती धडधडते. रात्री हे वाढते.

आपल्या भागात असे झाले की लोक काय म्हणतात? "याले बाहेरचं लागलं." मग अंगारा, उतारा, लिंबू. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दूरदूरची माणसे आपल्या आजारी माणसाला घेऊन येतात, तसे यालाही कोणी नेऊ म्हणते. श्रद्धेविषयी आम्हांला काही बोलायचे नाही. नवस करावा, मागाहून फेडावा. पण दारू सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असे झाले तर ती बाहेरची बाधा नव्हे. मोटेचा नाडा तुटला आहे. या अवस्थेत औषध न मिळाल्यास माणूस दगावू शकतो, आणि वेळेवर औषध मिळाल्यास बहुतेक माणसे वाचतात. म्हणून पहिली धाव दवाखान्याकडेच असावी. १०८ ला फोन करून "रोज दारू पिणारा आहे, अमुक दिवसापासून बंद आहे, आता भ्रम झाला आहे" असे स्पष्ट सांगावे. बांधून, कोंडून ठेवू नये.

खरे तर ही वेळ येऊच नये. जो रोज पितो, ज्याचा हात सकाळी थरथरतो, ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता, त्याची दारू घरी एकदम बंद करू नये. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. दवाखान्यात झोपेच्या आणि शांततेच्या जातीच्या गोळ्या देतात. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज थोड्या कमी, असे करत साधारण आठवड्याभरात त्या बंद करतात. या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून देऊ नयेत. त्या आणि दारू एकत्र पोटात गेली तर श्वास बंद पडू शकतो, आणि पुढे त्या गोळ्यांचीच सवय लागते.

दुसरे औषध म्हणजे बी-१ नावाचे जीवनसत्त्व. रोज पिणारा नीट जेवत नाही, म्हणून त्याच्या अंगात ते संपलेले असते. ते फार कमी झाले तर डोळे फिरतात, चालताना झोक जातो, आठवण कायमची जाते. पुष्कळ घरी अशक्तपणा दिसला की गावातच ग्लुकोजची सलाईन लावतात. बी-१ न देता ग्लुकोज दिल्याने असा धोका वाढतो. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर लाज न धरता पहिले वाक्य हेच सांगावे : "डॉक्टरसाहेब, हे रोज दारू पितात. शेवटची अमुक वेळी घेतली." ही दोन वाक्ये लपवल्याने माणसे दगावली आहेत.

आपल्या घरातला नवरा अखेर एका सकाळी तयार झाला, असे धरू. बायको आणि धाकटा भाऊ त्याला एसटीने बुलढाण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याला भरती करून घेतले. पहिली रात्र तो तळमळला. दुसऱ्या रात्री तो उठून बसला आणि "घरी जाऊ द्या" म्हणू लागला. भाऊ पायाशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी घाम कमी झाला. पाचव्या दिवशी त्याने दोन भाकरी खाल्ल्या आणि चहाचा कप एका हाताने उचलला. बायको त्या कपाकडे पाहत राहिली. चहा सांडला नव्हता.

पुडी नको

बाजारात, भिंतीवर, मोबाईलवर जाहिराती असतात : "न सांगता दारू सोडवा. भाजीत पुडी मिसळा." अशा पुडीत काय आहे ते विकणारा सांगत नाही. डॉक्टरांजवळ एक औषध खरोखर असे आहे की ते घेतल्यावर दारू पिली तर तोंड लाल होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. त्याचे नाव डायसल्फिराम. माणसाला सर्व समजावून, त्याची हृदय आणि यकृत तपासून, त्याच्या संमतीनेच ते देतात. तेच औषध न सांगता भाजीतून दिले आणि तो बाहेर जाऊन पिला, तर जीव जाऊ शकतो. जीव वाचला तरी बायकोच्या हातच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो. तो पुन्हा जोडणे कठीण.

दारूची ओढ कमी करणाऱ्या दुसऱ्याही गोळ्या आहेत. त्या डॉक्टर यकृताची, मूत्रपिंडाची तपासणी करून देतात. त्यांचा उपयोग होतो, पण त्या एकट्या पुरत नाहीत. शरीर आठवड्यात सुटते. मन सुटायला वेळ लागतो.

मनाचे काम

मनाचे काम माणसे मिळून करतात. १९३५ साली अमेरिकेत अक्रन गावी दोन दारुडे एकमेकांना भेटले. एक शेअरबाजारात काम केलेला, एक डॉक्टर. त्यांना असे आढळले की आपल्यासारख्याच माणसाशी रोज खरे बोलले तर आजचा दिवस निभतो. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. तेथे फी नाही, नाव विचारत नाहीत. जन्मभराची शपथ घालत नाहीत. आजचा दिवस पिणार नाही, एवढेच. पुढे १९५१ साली त्या पहिल्या माणसाच्या बायकोने, लोइस बाईंनी, घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन ही वेगळी मंडळी काढली. कारण नवरा सुधारला तरी आपल्या मनातला राग आणि भीती जात नाही, असे त्यांना आढळले होते.

आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. तेथे व्यसनी माणसाला मित्र मानून वागवतात, बऱ्या झालेल्या माणसांनाच पुढे कामाला घेतात, आणि घरच्या माणसांनाही बोलावून त्यांच्याशी बोलतात. कोणतेही केंद्र निवडताना हीच खूण पाहावी. जेथे मारतात, साखळीने बांधतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, तेथे आपला माणूस ठेवू नये. डॉक्टर आहे का, आणि केंद्राची सरकारकडे नोंद आहे का, हे विचारावे.

पाय घसरला तर

आता एक खरी गोष्ट सांगतो. पुष्कळ माणसे एकदा सोडून पुन्हा पितात. पहिले तीन महिने सर्वांत निसरडे असतात. दवाखान्यातून आल्यावर तो सहा आठवडे नीट राहिला. मग पोळा आला. बैल सजले, तोरणाखालून गेले, जुने सोबती भेटले. रात्री तो पिऊन आला.

माय म्हणाली, "मी म्हणतच होती, हा सुधरणार नाही."

त्या रात्री बायकोने काही बोलणे काढले नाही. पोरांना घेऊन ती जावेकडे निजली. सकाळी ती परत आली. तो भिंतीला टेकून बसला होता.

"सहा हप्ते गेले ना?" ती म्हणाली. "ते कोणी नेले नाही. आज पुन्हा फोन करा डॉक्टरले. पुढच्या पोळ्याले आपण माह्या माहेरी राहू."

याला आम्ही कृपा म्हणतो. घसरलेल्याला पुन्हा उभे राहण्याची जागा देणे म्हणजे कृपा. पण तिच्यात आंधळेपणा नाही. फोन त्यानेच करायचा आहे. पैशाचा नियम तोच आहे. आणि पुढच्या वेळी पाय कुठे घसरेल ते आता ठाऊक झाले आहे. पोळा, शिमगा, लग्नाची वरात, चुकाऱ्याचा दिवस, आठवडी बाजाराची संध्याकाळ : हे दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत. त्या दिवशी तो कोणाबरोबर राहील, कुठून परत येईल, पैसे कोणाजवळ असतील, हे आधी ठरवावे. बाजारातून येताना अड्ड्याचा रस्ता टाळता आला तर तेवढे अंतर जास्त चालावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत ओढ वाढते. म्हणून संध्याकाळी शेतातून आल्याबरोबर त्याला चहा-भाकरी मिळाली तर ती औषधासारखी उपयोगी पडते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. बरेच दिवस सोडल्यावर एकदम पूर्वीइतकी पिली तर ती अंगाला झेपत नाही. आणि पुन्हा रोज सुरू झाली असेल तर पुन्हा घरी एकदम बंद करू नये; पुन्हा डॉक्टरकडेच जावे.

कृपेलाही कुंपण असते

नवरा मारत असेल, कोयता-कुऱ्हाड उचलत असेल, पोरांच्या अंगावर जात असेल, तर समजावण्याची ती वेळ नव्हे. पोरांना घेऊन निघा. कोणत्या घरी जायचे ते आधीच ठरवून ठेवा, आणि आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, थोडे पैसे एका पिशवीत त्या घरी ठेवा. ११२ वर पोलीस येतात. १८१ हा बायकांच्या मदतीचा क्रमांक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी काडीमोड घ्यावाच लागतो असे नाही. क्षमा मनाने करता येते, आणि तरीही दूर राहता येते.

आणि पोरांना सांगा. त्यांना सगळे दिसत असते. "तुझ्या बाबाले दारूचा आजार आहे. तुह्यामुळं झाला नाही. तुले काही करायचं नाही, तू शाळेत जा," एवढे तीन वाक्यांत सांगितले तरी त्यांच्या छातीवरचा दगड हलतो.

तुम्हीही जेवा, झोपा, एका तरी माणसाशी मोकळे बोला. बचत गटात अशा घरच्या आणखी दोन-तीन बाया निघतील. महिन्यातून एकदा दुपारी बसा. तो सुधारो न सुधारो, तुमचे जगणे त्याच्या बाटलीला बांधलेले राहू नये.

आशा कशात पाहावी?

सगळेच बरे होतात, असे आम्ही म्हणणार नाही. काही घरे उपचार करूनही माणूस गमावतात, आणि त्यात त्या घराचा दोष नसतो. पण बरे होणारे थोडेथोडके नाहीत. कोणी पहिल्या खेपेस, कोणी चौथ्या खेपेस. बरे होणे अचानक दिसत नाही, लहान खुणांनी दिसते. दोन घसरणींमधले दिवस वाढतात. पिला तर लपवत नाही, स्वतः सांगतो. चुकाऱ्याच्या दिवशी सरळ घरी येतो. पोरगी अभ्यासाला त्याच्याजवळ बसते.

त्या घरात पुढच्या वर्षी पोळ्याला सगळे मामाच्या गावी गेले. संध्याकाळी अंगणात पाऊल वाजले. पोरीने पुस्तकातून मान वर केली, बापाकडे पाहिले, आणि पुन्हा वाचू लागली. पुस्तक मिटले नाही.

वाचून झाल्यावर आपसात बोला

१. रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम का बंद करू नये?
२. दारू सुटल्यावर तिसऱ्या दिवशी माणसाला साप दिसू लागले तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?
३. तुमच्या गावात पांघरूण घालण्याच्या कोणत्या रीती आहेत?
४. आपल्या गावात कोणाच्या घरी रात्री आसरा मागता येईल? ते घर आपले असू शकेल का?